लिफ्ट बंद आहे का?

आमच्या इमारतीत तळमजल्यापासून बाराव्या मजल्यापर्यंत दोनशे चाळीस पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी पंधरा सेंटीमीटर उंच, म्हणजे एका फेरीत 36 मीटर चढ होतो. ज्या डोंगरी शर्यतीत मी उत्साहाच्या भरात नाव नोंदवले होते, तिच्यात एक हजार मीटर चढून तेवढेच उतरायचे होते आणि माझ्या घराच्या आसपास डोंगर तर सोडाच, साधी टेकडीही नाही. भागाकार केला तेव्हा अठ्ठावीस फेऱ्या आल्या. कागदावर हा आकडा फारसा भयंकर दिसत नाही. सोळाव्या फेरीत, सातव्या मजल्यावर, तो कसा दिसतो हे मात्र सांगण्याइतका श्वास उरत नाही.

गुडघे जपण्यासाठी चढायचे पायऱ्यांनी आणि उतरायचे लिफ्टने, असा नियम मी केला. चढताना धावायचे नाही, एक वाक्य न अडखळता बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचे, आणि मधल्या काही मजल्यांवर दोन-दोन पायऱ्या घेत हाताने मांडी दाबायची, म्हणजे खड्या चढावर चालण्याचा सराव होतो. कठड्याला धरून स्वतःला वर ओढणे मी चोरी मानत असे. ती फक्त दहाव्या मजल्यानंतर करत असे.

घाम निथळत मी तळमजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडून पुन्हा जिन्याकडे वळलो, की पहिल्या मजल्यावरच्या आजी काळजीने विचारत, “अरे, लिफ्ट बंद आहे का?” मी त्याच लिफ्टमधून उतरताना त्यांनी पाहिलेले असे, तरीही विचारत. चालू लिफ्ट सोडून माणूस पायऱ्या चढतो, यापेक्षा लिफ्ट बिघडली हेच त्यांना अधिक संभवनीय वाटत असावे.

मनगटावरचे घड्याळही फारसे विश्वासू नव्हते. ते हवेच्या दाबावरून उंची काढते. साधारण आठ मीटर वर गेले की दाब एक हेक्टोपास्कलने कमी होतो, आणि घड्याळाला फक्त दाब कळतो, पाय कळत नाहीत. त्यामुळे दळणाचा डबा घेऊन लिफ्टने वर गेलो तरी ते 36 मीटर माझ्या खात्यावर जमा करी आणि पावसापूर्वी दाब उतरला, की खुर्चीत बसल्या बसल्या मला दोन-तीन मजले वर नेऊन ठेवी. शेवटी मी तळमजल्यावर अठ्ठावीस चिंचोके ठेवले आणि प्रत्येक फेरीला एक उचलू लागलो.

दोन महिन्यांनी शर्यतीत मी असा चढलो, की मला स्वतःचाच हेवा वाटला. मग उतार सुरू झाला. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो. चढताना तो आखडत काम करतो. ही दोन वेगळी कामे आहेत आणि उतरण्याच्या कामाचा माझ्या मांड्यांचा अनुभव शून्य होता, कारण ते काम दोन महिने लिफ्टने केले होते. निम्म्या उतारावर पाय लटपटू लागले, पावले दगडांवर थपाथप आदळू लागली आणि उरलेला डोंगर मी बहुतांशी आडवा होऊन, खेकड्यासारखा उतरलो. खरे दुखणे दुसऱ्या दिवशी आले. खुर्चीत बसणे हा एक प्रकल्प झाला आणि शौचालयातील अनुभवाविषयी सभ्य गद्यात लिहिता येणार नाही.

पुढच्या तयारीत मी उतरणेही धरले, पण बेताने. पहिल्या आठवड्यात अठ्ठावीसपैकी चारच फेऱ्या पायी उतरलो, तरी मांड्या दुखल्या. दुसऱ्या आठवड्यात तेवढ्याच उतरलो तेव्हा दुखणे निम्म्यावर आले, कारण एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढच्या खेपेला बराच सावध असतो. मग दर आठवड्याला दोन उतार वाढवले. कुठे थांबायचे ते कान सांगतात. पाऊल अलगद टेकत असेल तर ठीक. जिन्यात आवाज घुमू लागला, की मांडी भार रोखेनाशी झाली असे समजून पुढचा उतार लिफ्टने करायचा. आणखी एक लाभ अनपेक्षित होता. आमचा जिना चढताना प्रत्येक वेळी डावीकडे वळतो, त्यामुळे नुसते चढून मला जी गरगर होत असे, ती उजवीकडे वळत उतरल्याने कमी झाली.

तरीही जिना म्हणजे डोंगर नव्हे. इथली प्रत्येक पायरी सारखी असते, एकही दगड पायाखालून निसटत नाही आणि सलग उतार 36 मीटरांवर संपतो.

गेल्या रविवारी नवव्या फेरीला बाराव्या मजल्यावर पोहोचलो, बटण दाबले आणि लिफ्ट खरोखरच बंद पडलेली आढळली. पायी खाली आलो. आजी भाजीची पिशवी घेऊन लिफ्टच्या दारात उभ्या होत्या. मी धापा टाकत म्हणालो, “आजी, लिफ्ट बंद आहे.”

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले, “तुझं नेहमीचंच आहे रे,” असे म्हणाल्या आणि पुन्हा बटण दाबून वाट पाहत राहिल्या.