ही केळी, ह्या केळी आणि आमचे हे केळे

परवा क्लासच्या सातवीच्या पोरांच्या वह्या तपासत होते, त्यात एका मुलाने लिहिलेलं, 'बाबांनी बाजारातून ही आंबे आणली'. मी थांबले. हा मुलगा चोपडा तालुक्यातला, घरी बोलताना तो 'हे आंबे आणले' असंच म्हणत असणार आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. मग वहीत असं का लिहिलं? त्याला जवळ बोलावून विचारलं तर म्हणाला, मॅडम, आधीच्या सरांनी सांगितलंय की 'हे मुलं', 'हे केळे' म्हणायचं नाही, 'ही' म्हणायचं. म्हणजे त्याने काय केलं, तर सगळ्याच अनेकवचनांचं 'हे' खोडून 'ही' केलं, आंब्यांचं पण.

त्या दिवसापासून हे डोक्यात आहे म्हणून आज सविस्तर लिहिते, कारण आपल्या खान्देशातल्या पोरांना हा, ही, हे वरून जेवढं बोलणं खावं लागतं तेवढं दुसऱ्या कशावरून लागत नसेल. मी स्वतः खाल्लंय. पुण्याला शिकायला गेले तेव्हा होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात 'ते मुलं आले' म्हटलं आणि सगळ्या हसल्या. मला कोणी नीट सांगितलं नाही की चुकलं काय. मग मी अंदाजाने 'ती मुलं आले' म्हणायला लागले, आणि वर्षभर तेच म्हणत राहिले. आज कळतं की 'ते मुलं आले' पेक्षा 'ती मुलं आले' जास्त बिघडलेलं होतं. का, ते पुढे सांगते.

आधी मूळ गोष्ट. शाळेत सगळ्यांनाच शिकवतात की शब्दाचं लिंग कळत नसेल तर त्याला तो, ती, ते लावून बघा. तो घड, ती फणी, ते पान. ही युक्ती चांगली आहे, पण ती फक्त एकवचनात चालते हे कोणी सांगतच नाही. अनेकवचन झालं की हेच शब्द जागा बदलतात. तो घड चे होतात ते घड. ती फणी च्या होतात त्या फण्या. आणि ते पान ची होतात ती पानं. म्हणजे 'तो'चं 'ते' होतं, 'ती'चं 'त्या' होतं आणि 'ते'चं 'ती' होतं. हा, ही, हे चं पण डिट्टो तसंच. आता विचार करा, पोराने 'ती' ऐकलं तर त्याने काय समजायचं, एक बाई की भरपूर पानं? पुण्यात एकदा रूममेटने दारातून ओरडून सांगितलं 'ती आली गं', मी एकाच मैत्रिणीची वाट बघत होते म्हणून एकच कप चहा टाकला, आणि आत आली खालच्या मजल्यावरची पाच लहान मुलं. ती मुलं आली, म्हणून 'ती आली'. तिचं बरोबरच होतं. माझ्या कानाला मात्र 'ती आली' म्हणजे एकच मुलगी.

पूर्वी लिहिताना हा घोळ नव्हता. जुनी छापील पुस्तकं कोणाच्या घरी असतील तर उघडून बघा, तिथे 'ही मुलगी' साधी असते पण 'हीं मुलें' वर टिंब असतं. तसंच 'हे आंबे' साधे आणि 'हें घर' टिंबवालं. नपुंसकलिंग आलं की डोक्यावर अनुस्वार, एकवचन असो नाहीतर अनेकवचन. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात न येणारे अनुस्वार काढून टाकले. बोलण्यात ते नव्हतेच म्हणून काढले, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण तेव्हापासून कागदावर पण 'ही' आणि 'ही' सारखेच दिसतात आणि फरक फक्त पुढच्या शब्दावरून कळतो.

आता आपल्या केळीवर येते, कारण हे सगळं समजून घ्यायला केळीसारखं दुसरं उदाहरण नाही आणि आपल्या जिल्ह्यात ते समजावून सांगायची गरज नाही. झाड म्हणजे केळ, ती केळ. फळ म्हणजे केळं, ते केळं. अनेकवचन केलं की दोघांचं 'केळी'च होतं! झाडं पण केळी, फळं पण केळी. मग बोलणारा झाडाबद्दल बोलतोय की फळाबद्दल, हे कोण सांगतं? मागचा 'ह्या' नाहीतर 'ही' सांगतो आणि शेवटचं क्रियापद सांगतं. ह्या केळी पडल्या म्हणजे झाडं आडवी झाली. ही केळी पडली म्हणजे टोपलीतून फळं सांडली.

ही काही नुसती व्याकरणाची गंमत नाही. आमच्या काकांचं दोन एकर शेत, पाच बाय पाच फुटांवर लागवड, म्हणजे साडेतीन हजाराच्या आसपास खोडं. एका वर्षी जूनच्या वादळात त्यातल्या सहाशे केळी आडव्या झाल्या, घड कच्चे असतानाच. केळीचं एक खोड आयुष्यात एकदाच घड देतं, मग त्याच्या बुडाचं पिल वाढवायचं, त्यामुळे खोड पडलं की तो घड गेलाच. काकांनी नुकसानीचा अर्ज बाहेर कोणाकडून तरी टाईप करून घेतला. त्याने आपल्या मते शुद्ध करून लिहिलं, 'वादळी वाऱ्याने शेतातील 600 केळी पडली आहेत.' ज्या ऑफिसात अर्ज दिला तिथल्या नवीन माणसाने, जो या भागातला नव्हता, काकांना विचारलं, सहाशे केळी म्हणजे पन्नास डझनच ना, मग एवढं काय? काका संतापले. पण वाक्य बघा, ते खरंच पन्नास डझन फळांचंच वाक्य होतं, चार-पाच घड झाले. काका तोंडाने म्हणत होते 'ह्या सहाशे केळी पडल्या', कागदावर त्याचं 'पडली' झालं आणि साडेतीन हजार खोडांतली सहाशे खोडं कागदावरून गायब झाली. मग अर्ज परत लिहिला, त्यात मी 'केळीची 600 खोडं पडली' असं घालायला लावलं. खोड म्हटलं की ते खोड, ती खोडं, पडली, आणि फळाचा संशय राहत नाही.

आता आपल्या बोलण्याकडे बघा. आमच्याकडे बाजारात भरपूर बायका विचारतात, 'हे केळे कसे दिले भाऊ?' पुस्तकात बसत नाही हे खरं, पुस्तकात पाहिजे 'ही केळी कशी दिली'. पण आपल्या बोलण्यात नपुंसकलिंगाचं अनेकवचन पुल्लिंगासारखं चालतं आणि ते पूर्ण वाक्यभर तसंच चालतं. हे केळे चांगले पिकले. ते मुलं आले. हे, चांगले, पिकले, सगळे एका ओळीत. कुठेही सांधा निखळलेला नाही. आणि झाडाला आपण कधीच 'हे केळे' म्हणत नाही, झाडं म्हणजे ह्या केळीच. मग फळ आणि झाड आपल्याकडे मागचा शब्द न लावता पण वेगळे कळतात, जे पुस्तकी भाषेत 'केळी' या एकट्या शब्दावरून कळत नाही. म्हणून मला 'खान्देशी लोकांना लिंग कळत नाही' हे वाक्य अजिबात मान्य नाही. नियम वेगळा आहे, पण नियम आहे.

चूक कुठे आहे, तर अर्धवट दुरुस्तीत. माझं होस्टेलमधलं 'ती मुलं आले' बघा, पुढचं टोक पुण्याचं आणि मागचं जळगावचं. हे कुठल्याच गावात बरोबर नाही. मराठीत नुसता 'हे' बदलून भागत नाही, त्याच्यासोबत विशेषण आणि क्रियापद पण बदलावं लागतं. ही चांगली केळी पिकली. तिन्ही शब्द एकदम. पोरांना 'हे म्हणू नका, ही म्हणा' एवढंच सांगितलं की मग ते 'ही केळी पिकले' लिहितात, नाहीतर त्या मुलासारखं 'ही आंबे'.

मी वर्गात आता एकच करून घेते. अनेकवचन लिहायच्या आधी शब्द एकवचनात म्हणायचा, तो का ती का ते हे कानाने ठरवायचं, मग पुढे जायचं. तो आंबा आहे ना? मग हे आंबे, आणि घरचंच बरोबर. ते वांगं? मग ही वांगी. ती मिरची? मग ह्या मिरच्या. त्या मुलाने पाच मिनिटांत स्वतःच आंबा सुधारला, वर मला म्हणाला मॅडम कपडे पण 'हे'च ना, तो कपडा.

यात पण एक खड्डा आहे. शब्दाला ला, ने, चा, त असं काही लागलं की त्याच्या आधीचं हा, ही, हे सगळं जाऊन सरसकट 'ह्या' होतं. ह्या आंब्याला, ह्या मिरचीला, ह्या घरात. तिथे लिंग ओळखायला 'ह्या'चा काही उपयोग नाही, आणि पोरं तिथेच फसतात, 'ह्या' दिसलं की स्त्रीलिंग ठोकतात. पण गंमत म्हणजे नेमकं तिथे शब्द स्वतः वेगळा होतो. झाड असेल तर केळीचं पान, केळीला पाणी. फळ असेल तर केळ्याची साल, केळ्याचं शिकरण. पानावर जेवतो ते केळीचं, साल सोलतो ती केळ्याची. वेफरच्या पाकिटांवर 'केळीचे वेफर' असतं, व्याकरणाने बघितलं तर ते केळ्याचे पाहिजेत, पण इतकं रुळलंय की त्यावर मी कोणाचे मार्क कापत नाही.

आणि हे एकट्या केळीचं नाही. बोर बघा. बांधावरची काटेरी ती बोर, खायचं ते बोर. शब्दात कानामात्रेचा पण फरक नाही, 'ही बोर' म्हटलं तर झाड, 'हे बोर' म्हटलं तर फळ, फक्त त्या एका शब्दावर सगळं उभं. अनेकवचनात ह्या बोरी आणि ही बोरं. जांभूळ पण तसंच, झाड ती, फळ ते. आता नवीन पिढी झाडाला सरळ 'बोराचं झाड' म्हणते त्यामुळे 'ती बोर' ऐकायलाच मिळत नाही. वर्गात विचारलं तर चाळीसातल्या दोघांनाच माहीत होतं, दोघेही आजीजवळ राहणारे.

माझी आजी अहिराणी बोलायची, तिच्या तोंडात 'हाऊ' आणि 'हाई' असायचं, कुठलीही नवीन वस्तू दिसली की 'हाई काय शे?' ती कधी शाळेत गेली नाही पण झाड आणि फळ यात तिची कधी गल्लत झालेली मी ऐकली नाही.

मला आता जमवायचंय. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तुमच्या गावात झाडाला काय म्हणतात, फळाला काय म्हणतात आणि त्याच्या आधी हा, ही, हे पैकी काय लावतात, पूर्ण वाक्य करून कमेंटमध्ये लिहा. सुधारून लिहू नका, घरात जसं बोलता तसंच लिहा.