मोहरीच्या मधाच्या तक्रारीला उत्तर

★☆☆☆☆ “महिन्याभरात बाटलीत खाली साखर जमली. पाक मिसळलेला असणार. गॅसवर उकळून पातळ केला तर काळपट झाला, वासही गेला. नऊ महिन्यांच्या बाळाच्या गुटीसाठी घेतला होता, पैसे पाण्यात.”

नमस्कार ताई,

आधी बाळाचं. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत त्याला कुठलाच मध देऊ नका, गुटीत थेंबभर उगाळूनसुद्धा नाही. शुद्ध, कच्च्या मधातही कधी कधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात. आपल्या आतड्यात ते रुजत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात त्यांना अटकाव करणारे जंतू अजून पुरेसे तयार नसतात, म्हणून तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात. उकळल्यानेही हे बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली १२१ अंशांची वाफ लागते. याआधी चाटवला असेल तर घाबरू नका, पण महिनाभर लक्ष ठेवा. नव्याने शौचाला घट्ट होणं, रडण्याचा आवाज बारीक होणं, दूध ओढायला जोर कमी पडणं, पापण्या जड किंवा मान ढिली वाटणं, यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे न्या आणि मध दिल्याचं आवर्जून सांगा. अंगावर पाजणाऱ्या आईने मध खाल्ला तर हरकत नाही.

आता बाटलीतली ‘साखर’. ती मधातलीच ग्लुकोज आहे. मधात पाणी जेमतेम पाचवा भाग, तेवढ्यात सगळी ग्लुकोज विरघळून राहत नाही, हळूहळू दाणे धरते. मोहरीच्या मधात ग्लुकोज जास्त, म्हणून तो काही आठवड्यांतच रवाळ होतो. १४ अंशांच्या आसपासची थंडी असली की सगळ्यात लवकर. मात्र दाणे धरले म्हणजे शुद्ध, असंही नाही. पाक मिसळलेला मधही थिजू शकतो. खात्री प्रयोगशाळेतच होते. या खेपेचा तपासणी अहवाल हवा असेल तर बाटलीवरच्या नंबरावर कळवा, पाठवतो.

उकळलेला मध विषारी झालेला नाही, पण त्यातलं बरंच गेलं. सुवास उडतो, विकरं मोडतात आणि फ्रुक्टोजपासून एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत त्याची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे. गॅसवर तळ करपतो, तिथून काळपटपणा येतो. कोमट दुधात चमचाभर मध ढवळणं वेगळं, तेवढ्याने काही बिघडत नाही.

पुढच्या वेळी काचेची बाटली, झाकण घट्ट लावून, हात सोसेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे ४०-४५ अंशांत, ठेवा. पाणी निवलं की बदला. दोन-तीन तास लागतील. तळाशी दाणे उरू देऊ नका, त्यांच्यावरच पुन्हा नवे दाणे धरतात. थिजलेल्या मधावर पातळ थर सुटून फेस आला आणि आंबट वास मारू लागला, तर मात्र तो आंबलाय. आम्हाला परत द्या.

एक वर्षाखालच्या बाळांबद्दलची सूचना लेबलवर बारीक अक्षरात होती, ही चूक आमची. बाटली आणून द्या, पैसे परत मिळतील.