तीस टक्के कापले गेले, तरी हिशेब बाकी असतो

ऑनलाइन खेळात पैसे जिंकलेल्या शेतकऱ्याला असे सल्ले मिळतात: "ॲपनं तीस टक्के कापलेच आहेत. शेतकऱ्याला टॅक्स नसतो, रिटर्नच्या भानगडीत पडू नका. घरी सांगू नका, मागणारे वाढतात. थोडे पुन्हा लावा, कापलेले निघून येतील."

करमाफी आहे ती शेतीच्या उत्पन्नाला, शेतकऱ्याला नव्हे. ऑनलाइन खेळात जिंकलेल्या पैशावर 2023-24 पासून सरळ 30 टक्के कर आहे आणि त्यावर 4 टक्के उपकर. दुसरी कमाई शून्य असली तरी करमुक्त मर्यादेचा आधार इथे मिळत नाही.

दारव्ह्याकडच्या एका पोराचं रिटर्न मी स्वतः भरून दिलं. 2024 च्या आयपीएलमध्ये त्यानं निव्वळ 10 लाख जिंकले. 3 लाख कापून 7 लाख खात्यात आले. पण कापणी फक्त 30 टक्क्यांची होते, उपकर त्यात धरलेला नसतो. त्याचा पूर्ण कर निघाला 3 लाख 12 हजार. म्हणजे 12 हजार अजून देणं होतं. बाकी 10 हजारांवर गेली आणि आगाऊ भरलेली नव्हती, म्हणून थोडं व्याजही लागलं. 'सहज' हा फॉर्म अशा कमाईला चालत नाही, ITR-2 लागतो. लपवण्यासारखंही काही नव्हतं. पॅनवर कापलेला कर दाखवणाऱ्या 26AS मध्ये आयकराच्या कलम 194BA खाली ती नोंद आधीच होती.

उरलेले पैसे जास्त व्याजासाठी गावच्या पतसंस्थेत टाकायचं त्याच्या मनात होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नाही. बँकेत ते आहे, तेही एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह 5 लाखांपर्यंतच. म्हणून दोन बँकांत दोन मुदत ठेवी केल्या. कराचे पैसे बचत खात्यात वेगळे ठेवले.

बायकोला त्यानं तोवर सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "आधी घरी सांग, मग ठेव कर." दोन्ही ठेवी दोघांच्या नावावर झाल्या आणि मोडायला दोघांच्या सह्या लागतील अशा केल्या. मागणारे आले तर "पैसे ठेवीत आहेत" एवढं उत्तर पुरतं. पण नवरा रात्री दोन लाख लावायला निघाला, तर थांबवू शकेल असं माणूस घरातच लागतं.

तो पुढच्या वर्षी पैसे लावून हरला असता, तर तो तोटा 2024 च्या जिंकण्यातून वजा झाला नसता. कापलेला करही परत आला नसता. आणि आता तर ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आहे. तरीही चालणारी ॲपं अनेकदा कुणाच्याही यूपीआयवर पैसे मागतात आणि कुणाच्याही खात्यातून देतात. तो पैसा फसवल्या गेलेल्या माणसाचा निघाला, त्यानं सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, की साखळीतली खाती गोठतात. ज्या खात्यात कापसाचे पैसे आणि अनुदान येतं, तेच खातं ऐन पेरणीच्या तोंडावर बंद पडतं.