कमरेतलं इंजेक्शन, कळा आणि सिझर

"डिलिव्हरीच्या वेळी कमरेत इंजेक्शन घेऊ नका. त्यानं कळा बंद पडतात आणि शेवटी सिझरच करावं लागतं. कंबर जन्मभर दुखते. आपल्या आज्या शेतात बाळंत झाल्या. घाबरणाऱ्या बाईलाच जास्त दुखतं. श्वासावर ताबा ठेवला की इंजेक्शनाची गरजच नाही. प्रत्येक गरोदर बहिणीला पाठवा."

लातूर, बीड, धाराशिवकडच्या बायांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय आणि आठव्या महिन्यातल्या मुली तो मोबाइलवर दाखवत माझ्याकडे येतात. मी भूलतज्ज्ञ आहे, हे कमरेतलं इंजेक्शन म्हणजे एपिड्युरल, ते देणं हे माझं रोजचं काम. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी कळांचं बघू. गर्भाशय आकसतं ते त्याच्या स्वतःच्या स्नायूमुळे आणि रक्तातल्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे. एपिड्युरलचं औषध या दोन्हींना अडवत नाही. गर्भाशयाकडून मज्जारज्जूकडे दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसा ते बधिर करतं. पूर्वी हे औषध बरंच तीव्र, म्हणजे पाव टक्क्याचं असायचं. पाय जड व्हायचे, जोर लावता यायचा नाही, मग चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायची वेळ जास्त यायची. आता बुपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध एक दशांश टक्का किंवा त्याहून पातळ करून त्यात फेंटानिल हे दुखणं कमी करणारं औषध थोडं मिसळतात. दुखणं उतरतं, पण पोट कडक होतंय हे बाईला कळत राहतं. या पद्धतीतही जोर लावायचा टप्पा काहीसा लांबतो आणि काही वेळा कळा वाढवायला सलाइनमधून औषध द्यावं लागतं, हे खरं आहे. ते लपवायचं कारण नाही.

मग इंजेक्शन घेतलेल्या इतक्या जणींचं सिझर झालेलं का दिसतं? एपिड्युरल मागतं कोण, ते बघा. बाळ आडमुठं बसलेलं, कळा रात्रभर चाललेल्या, गर्भाशयाचं तोंड उघडायचं नाव नाही, अशी बाई ते आधी मागते. तिचं सिझर व्हायची शक्यता इंजेक्शनाच्या आधीच जास्त असते. खरी तुलना करायची तर सारख्या बाया घेऊन, कुणाला एपिड्युरल आणि कुणाला दुसरा उपाय हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवावं लागतं. असे अभ्यास झालेत आणि 2018 साली कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेनं ते एकत्र तपासले. सिझरच्या प्रमाणात फरक निघाला नाही.

एक बाळंतपण सांगते. पहिलटकरीण, बाविशीची, माहेरी आलेली. रात्री दोनला दाखल झाली तेव्हा तोंड तीन सेंटीमीटर उघडलं होतं. भराभरा श्वास घेत होती, बोटांना मुंग्या, ओठ बधिर. "मॅडम, सिझर करून टाका, आता सहन होईना गेलं," हेच चाललेलं. एपिड्युरल तेव्हाही देता आलं असतं, चार-पाच सेंटीमीटरची वाट बघावी लागत नाही. पण इंजेक्शन नको, हे तिला त्या मेसेजनंच पटवलेलं.

मुंग्या कळांमुळे नव्हत्या. फार जोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं हे होतं, आणि बाळाकडे जाणाऱ्या रक्तासाठीही ते बरं नाही. तिच्या आईला आत घेतलं. कळ सुरू झाली की नाकानं चार आकड्यांपर्यंत श्वास आत, तोंडानं सहा आकड्यांपर्यंत बाहेर, खांदे सैल. एका कळेत असे सहा-सात श्वास. आई तळहातानं माकडहाडाच्या वर दाब देत होती. काही मिनिटांत मुंग्या गेल्या आणि सिझरची मागणीही थांबली. श्वासाचं काम एवढं आहे, आणि ते मोठं आहे. भीती उतरते, शरीर आवळत नाही, कळ सोसता येते. नसांमधून जाणारा निरोप मात्र श्वास थांबवू शकत नाही.

पहाटे पाचला तोंड पाच सेंटीमीटर होतं. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे, त्यामुळे सगळी कळ कमरेत. आता श्वास पुरेना. तिनं स्वतःच इंजेक्शन मागितलं. पाठ वाकवून बसवलं. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खालच्या दोन मणक्यांमधून सुई घातली, त्यातून बारीक नळी आत सोडून सुई काढून घेतली. नळी चुकीच्या जागी नाही ना, हे बघायला आधी थोडंसं औषध, मग उरलेलं हळूहळू. दर पाच मिनिटांनी बीपी. वरचा आकडा 118 वरून 92 वर आला. डाव्या कुशीवर वळवून बीपीचं औषध दिलं, तो सावरला. वीस मिनिटांत दुखणं दहापैकी नऊवरून तीनवर. पोटावर हात ठेवून मोजलं, दहा मिनिटांत आधी तीन कळा होत्या, नंतरही तीनच. ती झोपली. दहाला तोंड पूर्ण उघडलं, तासभर बाळ खाली येऊ दिलं, मग तिनं जोर लावला. बाळ फिरलं आणि नॉर्मल झालं. ते फिरलं नसतं तर कदाचित सिझर झालं असतं, आणि गावात खापर इंजेक्शनावर फुटलं असतं.

कंबरेचं. सुईची जागा दोन-चार दिवस हुळहुळते. पुढची कंबरदुखी गरोदरपणात सैल झालेल्या सांध्यांची, ताणलेल्या पोटाची, वाकून पाजण्याची आणि सव्वा महिना व्हायच्या आत उचललेल्या हंड्याची असते. इंजेक्शन न घेतलेल्या बायकांचीही कंबर तेवढीच दुखते. एपिड्युरलचा ज्याला खरंच घाबरावं असा त्रास वेगळा आहे. शंभरातल्या साधारण एकीला सुई मज्जारज्जूभोवतीच्या आतल्या पडद्याला लागते आणि एक-दोन दिवसांत डोकं ठणकायला लागतं. बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं, ही त्याची खूण. डोक्याला फडकं बांधून घरी बसू नका, ज्यांनी इंजेक्शन दिलं त्यांना कळवा, त्यावर इलाज आहे. औषध बंद होऊन चार तास झाले तरी पायात ताकद येत नसेल, तर लगेच सांगा. प्लेटलेट फार कमी असतील, रक्त पातळ करायची औषधं चालू असतील किंवा सुईच्या जागी जंतुसंसर्ग असेल, तर आम्हीच नको म्हणतो.

आज्यांबद्दल एवढंच. शेतात बाळंत होऊन वाचल्या त्यांच्या गोष्टी आपण ऐकल्या. ज्या गेल्या, त्या सांगायला उरल्या नाहीत.

घाबरण्याला कमकुवतपणा म्हणणं मला सगळ्यात जास्त लागतं. आठव्या महिन्यात "नेमकं कशाला घाबरतेस?" असं विचारलं की प्रत्येकीचं उत्तर निराळं येतं. एकीला टाक्यांची भीती, एकीनं बहिणीचं मेलेलं बाळ पाहिलेलं, एकीला लेबर रूममध्ये ओरडतील आणि एकटं टाकतील ही धास्ती. टाक्यांचं समजावून सांगता येतं. बहिणीचं ऐकून घ्यावं लागतं, बाळाचे ठोके कसे आणि कधी तपासणार ते दाखवावं लागतं. एकटेपणावर तर सरळ उपाय आहे, सोबतीण. सरकारी दवाखान्यातही प्रसूतीच्या वेळी जवळची बाई सोबत ठेवायला केंद्र सरकारनं 2016 पासून मुभा दिलेली आहे.

आपल्याकडची खरी अडचण मेसेजमध्ये नाहीच. तालुक्याला भूलतज्ज्ञ सिझरपुरता येतो आणि निघून जातो. नळी घालून निघून जाणाऱ्याकडून एपिड्युरल घेऊ नका, कारण बीपी आणि बाळाचे ठोके शेवटपर्यंत कुणीतरी बघावे लागतात. म्हणून आठव्या महिन्यातच विचारा: रात्री भूलतज्ज्ञ दवाखान्यात असतो का, नळी घातल्यावर थांबतो कोण, आईला आत येऊ देता का. सोय नसेल तर कळांचं दुखणं कमी करायला दुसरं इंजेक्शन किंवा ऑक्सिजनसोबत हुंगायचा गॅस मिळतो का, तेही विचारून ठेवा. त्यांनी एपिड्युरलएवढं दुखणं उतरत नाही, आणि इंजेक्शन अगदी शेवटी दिलं तर बाळ सुस्त होऊ शकतं, म्हणून ते कधी द्यायचं हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.