नॉबवरचा आकडा म्हणजे तापमान नव्हे

"फ्रिजचा नॉब ३ वर ठेवा, म्हणजे आत ३ डिग्री राहतात. मग उरलेला भात, आमटी कुठल्याही कप्प्यात ठेवा, आठवडाभर टिकते. वास आला नाही तर बिनधास्त खा."

असा सल्ला ऐकला असेल, तर तो विसरा. नॉबवरच्या आकड्याचा अंशांशी संबंध नाही. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा वाढवला की थंडी वाढते, एवढाच त्याचा अर्थ. तोच आकडा जानेवारीत पुरतो आणि मे महिन्यात अपुरा पडतो. म्हणून तापमान मोजायलाच हवं, आणि ते अजिबात अवघड नाही. फ्रिजसाठी मिळणारा थर्मामीटर घ्या. ताप मोजायचा इथे चालत नाही. फ्रिजचा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. नुसत्या हवेत ठेवला तर दार उघडताच पारा चढतो. पेल्यातलं पाणी मात्र आमटीसारखंच सावकाश तापतं.

समजा, सकाळी ८ अंश दिसले. नॉब एक घर पुढे करा आणि पुन्हा रात्रभर थांबा. ६ आले तर आणखी एक घर. ४ किंवा त्याखाली यायला हवं, पण अन्न गोठेल इतकंही नको. तापमान उतरतच नसेल तर दाराचं रबर सैल झालंय का, फ्रीझरमध्ये बर्फाचा जाड थर बसलाय का आणि डबे इतके खेटून ठेवलेत का की हवाच फिरत नाही, हे बघा. थर्मामीटरवरच शंका असेल तर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात बुडवा, ढवळा. काही मिनिटांत तो ० दाखवायला हवा.

कप्प्याने फरक पडतोच. एका दाराच्या फ्रिजमध्ये फ्रीझरच्या लगेच खालची जागा सहसा सर्वांत थंड असते. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये ते गार हवा कुठून येते त्यावर ठरतं, म्हणून पेला दोन-तीन ठिकाणी ठेवून पाहा. दारातली जागा सर्वांत गरम. तिथे लोणचं, सॉस ठेवा, आमटी नको. कच्चं मटण-मासळी झाकून सर्वांत खाली, म्हणजे तिचं पाणी शिजवलेल्या अन्नात गळणार नाही.

आठवडाभराचा हिशेब तर धोकादायक आहे. ४ अंशांवर जिवाणूंची वाढ मंदावते, थांबत नाही. लिस्टेरिया नावाचा जिवाणू तर फ्रिजमध्येही वाढतो. आमटी-भाजी ३ ते ४ दिवसांत संपवावी, भात दुसऱ्या दिवशीच.

वासावर तर मुळीच विसंबू नका. अन्न आंबवणारे जिवाणू वेगळे, आजारी पाडणारे वेगळे. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. त्याला वास नसतो आणि उलट्या करवणारं हे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. एकदा ते तयार झालं की फ्रिज कितीही थंड असून उपयोग नाही. त्यामुळे उरलेला भात पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा, आणि स्वयंपाकघर ३२ अंशांवर तापलेलं असेल तर तासाभरातच.