‘60 टक्के रिजेक्शन कमी केलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

प्रतिक्रिया: “सर, मागच्या लेखात तुम्ही सर्टिफिकेट आणि ऑडिटला दुय्यम ठरवून आकड्यांचंच कौतुक केलंत. लहान व्हेंडरकडे राबणाऱ्या क्वालिटी इंजिनिअरला डेटा कोण देतो? अशाने रेझ्युमे सजवणारेच पुढे जातील.”

नमस्कार. डेटा कुणी हातात देत नाही, मान्य. पण रिजेक्शन रजिस्टर लहान व्हेंडरकडेही असतं आणि शिफ्ट संपताना ते बहुधा हाच पोरगा भरतो. मला तिथलाच आकडा हवा असतो. सजवलेला रेझ्युमे पकडायलाही तोच कामी येतो.

समजा, रेझ्युमेत ओळ आहे: ‘मशीन शॉपचं रिजेक्शन 60 टक्क्यांनी कमी केलं.’ मी विचारतो, उत्पादन किती? महिन्याला 50,000 नग. आधी 1,400 रिजेक्ट, आता 560. हिशेब बरोबर. मग रिवर्क किती? आधी 300, आता 1,100. म्हणजे बोअर अंडरसाइज, अर्थात भोक मापापेक्षा लहान, झालेले नग पूर्वी सरळ लाल डब्यात जायचे, आता पुन्हा मशीनवर चढतात. पहिल्या फटक्यात बिघडलेले नग आधी 1,700 होते, आता 1,660. भंगार वाचलं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं; पण प्रोसेस होती तिथेच आहे.

दुसरा प्रश्न गेजचा. मधल्या काळात गेज बदललं का, आणि गेज आर अँड आर, म्हणजे मोजमापातल्या फरकात गेज आणि मोजणाऱ्याचा वाटा, किती आलं? 10 टक्क्यांच्या आत असेल तर छान, 30 च्या वर असेल तर त्या मोजमापावर सुधारणेचा दावा टिकत नाही. ज्याने खरंच काम केलंय तो इथे अडखळत नाही. कापणारा इन्सर्ट किती नगांनंतर बदलायचा ठरवलं, कंट्रोल प्लॅनमध्ये ते कधी चढवलं, हे तो आपणहून सांगू लागतो.

सर्टिफिकेटबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. ‘आयएटीएफ 16949 सर्टिफाइड’ असं लोक स्वतःच्या नावापुढे लिहितात. अहो, वाहन उद्योगाच्या क्वालिटी सिस्टिमचं ते सर्टिफिकेट प्लांटला मिळतं! माणसाने इंटर्नल ऑडिटरचं ट्रेनिंग घेतलेलं असतं, तर तेवढंच लिहावं. सिक्स सिग्मा ट्रेनिंगचा ग्रीन बेल्ट असेल तर सोबत प्रोजेक्ट कोणता केला ते हवं, नुसत्या दोन दिवसांच्या वर्गाला मी फार वजन देत नाही.

ऑडिट दुय्यम नाहीच. पण ‘कस्टमर ऑडिट फेस केलं’ यात फाइल आणून देणाराही बसतो. स्वतः काढलेली एक एनसी, म्हणजे नियमाशी न जुळणारी त्रुटी, सांगा: पुरावा काय दिसला, कोणत्या क्लॉजखाली लिहिली, आणि बंद करताना कागद पाहिला की लाइनवर जाऊन खात्री केली.

तुमच्या लहान व्हेंडरकडच्या मुलाने एवढंच लिहावं: ‘अमुक पार्ट, महिन्याला 6,000 नग, बोअर अंडरसाइज 150 वरून 40, रिवर्क धरून, कारण इन्सर्टची झीज, बदलानंतरचे तीन महिने तपासले.’ असा रेझ्युमे आला तर बेल्ट नसला तरी मी मुलाखतीला बोलावतो.