स्वागताचा मसुदा

माझा एक जुना मित्र गेल्या आठवड्यात आमच्या शहरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आला. त्याचे स्वागत करणारा चार ओळींचा संदेश लिहिण्याचे काम मी रात्री साडेनऊला हाती घेतले. झोपण्यापूर्वी उरकेल, असा माझा अंदाज होता.

पहिला मसुदा लगेच जमला: 'स्वागत! काहीही लागले तर निःसंकोच सांग.' पाठवणार इतक्यात आठवले, की मी या शहरात आलो तेव्हा हेच वाक्य मला अकरा जणांनी पाठवले होते आणि मी त्यांतल्या एकालाही काहीही सांगितले नव्हते. 'काहीही' म्हणजे नेमके काय, हे ठरवण्याचे काम हे वाक्य नव्याने आलेल्याच्याच गळ्यात घालते. पहिल्या रात्री बाथरूमचा नळ गळू लागला, तेव्हा अकरांपैकी कोणाची झोपमोड करावी याचा विचार करत बसण्यापेक्षा नळाखाली बादली ठेवणे मला सोपे वाटले. ती बादली मी पुढे तीन आठवडे इमानेइतबारे रिकामी करत होतो.

म्हणून दुसरा मसुदा उपयुक्त केला. पाण्याचा मेन कॉक कुठे आहे ते आजच शोधून ठेव. विजेच्या मीटरचा आकडा टिपून घे. सामान लावण्यापूर्वी भिंतींवरची ओल, पोपडे आणि खिळ्यांची भोके यांचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला पाठव, नाहीतर घर सोडताना ती भोके तुझ्या अनामत रकमेतून बुजवली जातील. (मी स्वतः एका अनोळखी माणसाच्या नऊ खिळ्यांचे पैसे भरले आहेत.) वाचून पाहिले तर ती सूचनाफलकावर लावण्याजोगी नोटीस झाली होती आणि तिच्यात 'स्वागत' हा शब्दच नव्हता.

तिसऱ्या मसुद्यात जिव्हाळा ओतला. 'एकटे वाटू देऊ नकोस' असे लिहून झाल्यावर लक्षात आले, की एकटे वाटते अशी त्याची तक्रारच नव्हती. ती मीच त्याच्या दारात नेऊन ठेवत होतो.

एवढ्यात त्याचाच संदेश आला: 'पाऊण तास तुझे टायपिंग दिसते आहे. कोणी गेले का?'

घाईघाईने मी लिहिले: 'रविवारी सकाळी दहाला येतो. पाना, टेस्टर आणि शिडी आणतो. फोटो काढू, मेन कॉक शोधू, मग तासभर नुसते गप्पा मारत बसू. रविवार नको असेल तर फक्त "नको" लिही, कारण विचारणार नाही.'

उत्तर अर्ध्या मिनिटात आले: 'ये. येताना एक बादलीही आण.'